बुगेरचा चंद्र आणि मेणबत्त्या

२३ नोव्हेंबर १७२५ची रात्र. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ल क्रवाझिक नावाचं छोटं बंदर. तिथे खलाशांना नौकानयनाचं गणित शिकवणारा सत्तावीस वर्षांचा एक मास्तर चंद्राच्या उजेडाची तुलना मेणबत्त्यांच्या उजेडाशी करत होता. मास्तरचं नाव पिएर बुगेर. वडीलही हाच विषय शिकवत. ते वारले तेव्हा बुगेर सोळा वर्षांचा होता, आणि त्या वयात तो त्यांच्या जागेवर शिकवायला उभा राहिला.

त्या रात्री त्याने दोन आकडे टिपले: ५० आणि ४१. वातावरण किती प्रकाश खातं, याचं पहिलं भरवशाचं उत्तर या दोन आकड्यांतून निघालं. ते कसं निघालं हे बघण्यासारखं आहे, कारण ती रीत आजही वापरात आहे आणि तिच्यातल्या खाचाखोचाही त्याच आहेत.

प्रश्न मुळात बुगेरचा नव्हता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतले मेराँ हे उन्हाळा गरम आणि हिवाळा थंड का असतो याचा हिशोब मांडत होते. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, त्याचे किरण तिरपे येतात, म्हणून त्यांना हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो. त्या लांबच्या रस्त्यात किती प्रकाश हरवतो? यासाठी सूर्य दोन वेगवेगळ्या उंचींवर असताना त्याचा प्रकाश किती, हे माहीत हवं होतं. ते मेराँकडे नव्हतं, कारण प्रकाश मोजायचं साधनच कोणाकडे नव्हतं.

साधन बनवायचा एक प्रयत्न मात्र झाला होता. १७०० साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा-मारी नावाच्या एका कॅपुचिन संन्याशाने एक युक्ती छापली होती. दिव्यासमोर काचेचे सारखे तुकडे एकामागे एक ठेवत जायचे. दिवा दिसेनासा झाला की तुकडे मोजायचे. जितके तुकडे जास्त, तितका दिवा प्रखर. वीस तुकडे लागले तर तो दहा तुकड्यांवाल्या दिव्याच्या दुप्पट.

ऐकायला हे बरोबर वाटतं, पण यात एक गृहीत लपलं आहे: प्रत्येक काच सारखाच प्रकाश खाते. बुगेरने बोट ठेवलं ते नेमकं इथे.

समजा एक काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निम्मा अडवते. १०० भाग प्रकाश आला, तर ५० बाहेर पडला. आता दुसरी, हुबेहूब तशीच काच. ती किती अडवेल? तिनेही ५० अडवले, तर दोन काचांपलीकडे मिट्ट काळोख व्हायला हवा. तसं होत नाही, कारण दुसऱ्या काचेला पहिलीपर्यंत किती प्रकाश आला होता याची काही खबर नसते. तिच्या दारात ५० आले, ती त्यातले निम्मे ठेवून २५ पुढे पाठवते. तिसरी १२.५. म्हणजे प्रत्येक थर ठरावीक रक्कम कापून घेत नाही, समोर आलेल्याचा ठरावीक हिस्सा घेतो. पगारातून दरमहा पाचशे रुपये कापणं वेगळं आणि दहा टक्के कापणं वेगळं, तसंच हे.

वजाबाकीच्या जागी गुणाकार आला आणि फ्रान्स्वा-मारीची मोजपट्टी कोसळली. वीस काचांचा दिवा दहा काचांच्या दिव्याच्या दुप्पट नसून, निम्मा प्रकाश सोडणाऱ्या काचा असतील तर, तब्बल १०२४ पट प्रखर निघतो.

बुगेरने ही घट भूमिती श्रेणीने होते असं म्हटलं आणि ती एका वक्राने दाखवली. आपण आज तेच असं लिहितो:

I = I₀ e^(−αx)

I₀ म्हणजे माध्यमात शिरतानाचा प्रकाश, I म्हणजे x अंतर कापल्यावर उरलेला, आणि α म्हणजे त्या माध्यमाचा शोषणगुणांक. α मोठा असेल तर प्रकाश लवकर संपतो. हे सूत्र सांगायला सोपं आहे. अवघड प्रश्न हा, की समोर ठेवलेल्या एखाद्या माध्यमाचा α काढायचा कसा? बुगेरपुढचं माध्यम तर डोक्यावरचं अख्खं वातावरण होतं.

पहिली अडचण डोळ्याची. "हा दिवा त्या दिव्याच्या किती पट?" असं डोळ्याला विचारलं तर तो हमखास फसतो. पण शेजारी-शेजारी दोन पृष्ठभाग असतील, एकावर एका दिव्याचा आणि दुसऱ्यावर दुसऱ्याचा उजेड असेल, तर दोन्ही सारखे उजळलेत की नाही हे डोळा बऱ्यापैकी अचूक सांगतो. बुगेरने डोळ्याला एवढंच काम दिलं. पट मोजायचं काम त्याने अंतरावर सोपवलं. मेणबत्ती दुप्पट लांब नेली की तिचा उजेड चौथा हिस्सा होतो, तिप्पट लांब नेली की नववा हिस्सा. म्हणजे मेणबत्त्या मागेपुढे करत राहायचं, दोन्ही उजेड जुळले की थांबायचं आणि अंतर मोजायचं.

सूर्याशी मेणबत्तीची अशी थेट बरोबरी करणं कठीण होतं. म्हणून त्याने चंद्र घेतला. हवेला काय, सूर्याचा प्रकाश आणि चंद्राचा प्रकाश सारखाच. चंद्र क्षितिजापासून ६६ अंश ११ कलांवर असताना मेणबत्त्यांचा उजेड ४१ फुटांवरून जुळला. चंद्र १९ अंश १६ कलांवर असताना त्या ५० फुटांपर्यंत मागे न्याव्या लागल्या. या उंची त्याने अंदाधुंद निवडलेल्या नव्हत्या. ल क्रवाझिकमध्ये सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य जवळपास ६६ अंशांवर असतो आणि सर्वांत लहान दिवशी १९ अंशांवर. मेराँचा प्रश्न जसाच्या तसा चंद्रावर उतरवला होता.

आता हिशोब. अंतराच्या वर्गाच्या उलट प्रमाणात उजेड बदलतो, म्हणून वरच्या चंद्राचा आणि खालच्या चंद्राचा उजेड यांचं गुणोत्तर ५० चा वर्ग भागिले ४१ चा वर्ग, म्हणजे २५०० भागिले १६८१. उत्तर १.४८७. खालच्या चंद्राचा प्रकाश वरच्याच्या साधारण दोन तृतीयांश होता.

दुसरी गोष्ट हवी होती ती रस्त्याची लांबी. हवा वर विरळ होत जाते, म्हणून बुगेरने सगळी हवा जमिनीलगतच्या हवेइतकी दाट केली तर तिचा थर किती जाड होईल, याचा हिशोब धरला. तो आला ३९११ त्वाझ. त्वाझ हे तेव्हाचं फ्रेंच माप, जवळपास १.९५ मीटरचं. म्हणजे थर ७.६२ किलोमीटर. वरच्या चंद्राच्या किरणांना अशा हवेतून ४२७५ त्वाझ, म्हणजे ८.३३ किलोमीटर यावं लागत होतं. खालच्या चंद्राच्या किरणांना ११७४४ त्वाझ, म्हणजे २२.८९ किलोमीटर. फरक १४.५६ किलोमीटर.

खरी गंमत या फरकात आहे. हवेच्या बाहेर चंद्राचा प्रकाश किती असतो हे बुगेरला ठाऊक नव्हतं, आणि समुद्रकाठी उभं राहून कधी कळणारही नव्हतं. सूत्रातला I₀ त्याच्या हातात नव्हता. पण दोन मोजमापांना एकमेकांनी भागलं की I₀ वर-खाली छाटला जातो. उरतात फक्त दोन उजेडांचं गुणोत्तर आणि दोन रस्त्यांमधला फरक:

α = ln(I₁/I₂) / (x₂ − x₁)

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १.४८७ घालून ln दाबा. ०.३९७ येईल. त्याला १४.५६ ने भागा: दर किलोमीटरला ०.०२७. हा ल क्रवाझिकच्या त्या रात्रीच्या हवेचा गुणांक. चंद्र थेट डोक्यावर असता तर प्रकाशाला ७.६२ किलोमीटर यावं लागलं असतं. तेवढ्या हवेतून किती प्रकाश उरतो? बुगेरने सांगितलं, दहा हजारांतले ८१२३ भाग. आपल्या सूत्रानेही तेच येतं, ८१ टक्के. समुद्रसपाटीवरच्या स्वच्छ हवेसाठी आजही याच्या आसपासचेच आकडे मिळतात.

मेराँचं उत्तरही यात आहे. ६६ अंशांवरच्या सूर्याचा सुमारे ८० टक्के प्रकाश जमिनीपर्यंत येतो, १९ अंशांवरच्या सूर्याचा ५४ टक्के.

चार वर्षांनी, १७२९ मध्ये, बुगेरने हे सगळं एका छोट्या पुस्तकात छापलं. पुढे पृथ्वीचा आकार मोजायच्या मोहिमेवर तो दक्षिण अमेरिकेत गेला, आणि तिथल्या डोंगरांत त्याची कित्येक वर्षं गेली. १७५८ साली तो वारला. प्रकाशावरचा त्याचा मोठा ग्रंथ १७६० मध्ये मरणोत्तर आला. त्याच वर्षी योहान लांबर्टचा 'फोटोमेट्रिया' निघाला. त्यात हाच नियम नीटस गणिती रूपात होता, आणि बुगेरचा उल्लेखही. १८५२ मध्ये आउगुस्ट बेअरने रंगीत द्रावणांवर प्रयोग करून द्रावणातल्या पदार्थाचं प्रमाण या नियमाशी जोडलं. आज बारावीच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगवहीत 'बेअर-लांबर्टचा नियम' असं लिहिलेलं असतं. ज्याने मेणबत्त्या मागेपुढे केल्या त्याचं नाव बहुतेक वेळा त्यात नसतं.

पण बुगेरचं कौतुक करताना एक शंका दडवून ठेवता येत नाही. त्याच्याकडे मोजमापं दोनच होती.

पहिला परिणाम अचूकतेवर. मेणबत्त्या ४१ फुटांवर जुळल्या की ४२ वर, हे शेवटी डोळाच ठरवत होता. ४१ च्या जागी ४२ धरले तर डोक्यावरच्या हवेतून ८१ ऐवजी ८३ टक्के प्रकाश येतो. ४० धरले तर ७९. एका फुटाच्या चुकीने उत्तर दोन टक्क्यांनी हलतं. म्हणजे ८१२३ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. ते हिशोबातून आले, मोजमापातून नाहीत.

दुसरा परिणाम जास्त खोल आहे. कुठल्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा जातेच. फ्रान्स्वा-मारीचा वजाबाकीचा नियम घेतला असता तरी त्या दोन आकड्यांत तोही चपखल बसला असता. बुगेरने गुणाकाराचा नियम काचांच्या तर्कावरून आधीच पक्का केला होता आणि चंद्राचे आकडे त्यात घातले. चंद्राच्या आकड्यांनी नियम सिद्ध झाला नव्हता, फक्त गुणांक मिळाला होता. नियम तपासायचा तर तिसरं, चौथं, पाचवं मोजमाप हवं.

ते कसं करतात? प्रत्येक जाडीला मिळालेल्या प्रकाशाचा ln घ्यायचा आणि आलेखात जाडीसमोर मांडायचा. नियम पाळला जात असेल तर सगळे बिंदू उतरत्या सरळ रेषेवर येतात, आणि त्या रेषेचा उतार म्हणजेच α. रेषा शून्य जाडीपर्यंत मागे वाढवली की I₀ ही कळतो, जो आपण मोजलेलाच नाही. बिंदू रेषेवर बसले नाहीत, तर कसे चुकले यावरून काय चुकलं ते ओळखता येतं.

काचेच्या किंवा पाण्याच्या बाबतीत बहुतेकांना दोन चुका भेटतात. पहिली पृष्ठभागाची. प्रकाश काचेवर पडताच काही भाग परावर्तित होतो, आत न शिरताच. "काच नसताना" आणि "काच असताना" अशी दोन मोजमापं घेऊन α काढला, तर ही परत गेलेली भर शोषणात धरली जाते आणि α फुगतो. उपाय बुगेरचाच: पातळ आणि जाड अशा दोन नमुन्यांची आपसांत तुलना करायची. परावर्तन दोन्हीकडे सारखं, भागाकारात उडून जातं. दुसरी चूक परक्या उजेडाची. खोलीत खिडकीच्या फटीतून थोडा उजेड येत असेल, तर तो प्रत्येक मोजमापात मिसळतो. पातळ नमुन्याला तो जाणवत नाही, पण जाड नमुन्यापलीकडे मूळ प्रकाशच इतका कमी उरतो की मोजमापात फटीतलाच उजेड जास्त असतो. आलेखाचं शेपूट मग उतरायचं सोडून आडवं होऊ लागतं. असं दिसलं की दिवा विझवून उरलेला उजेड मोजायचा आणि ln घ्यायच्या आधी प्रत्येक आकड्यातून वजा करायचा.

आकाशाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. चंद्र खालून वर चढायला काही तास लागतात, आणि तेवढ्यात हवा बदलू शकते. समुद्राकडून धुकं सरकलं तर बुगेरची दोन मोजमापं दोन वेगळ्या हवांची होतात, आणि दोनच असल्यामुळे ते कळायचा मार्ग नसतो. बरीच मोजमापं असली तर बिंदू रेषेभोवती विस्कटतात आणि चोरी पकडली जाते.

हे सगळं सांभाळूनही एक फट राहिली, ती दीडशे वर्षांनी अमेरिकेच्या सॅम्युएल लँग्लीने दाखवली. प्रकाश एकाच रंगाचा नसतो आणि प्रत्येक रंगाचा α वेगळा. हवेत निळा जास्त विखुरला जातो, तांबडा कमी. (म्हणूनच आकाश निळं. आणि म्हणूनच बुगेरने मोजलेली घट ही निव्वळ शोषण नव्हती. हवेने खाल्लेला आणि हवेने इकडेतिकडे उधळलेला प्रकाश यांत त्याची मेणबत्ती फरक करू शकत नव्हती.)

रंग वेगळे असल्याने काय बिघडतं, ते छोट्या हिशोबात पाहू. दोन रंग घ्या, दोन्ही १०० भाग. हवेचा एक थर पहिल्या रंगाचे ९० टक्के सोडतो, दुसऱ्याचे ५०. सुरुवातीला एकूण २००. एका थरानंतर ९० आणि ५०, म्हणजे १४०. दोन थरांनंतर ८१ आणि २५, म्हणजे १०६. तीन थरांनंतर ८५.४. आता प्रत्येक थराने किती हिस्सा सोडला ते बघा: पहिल्याने ७० टक्के, दुसऱ्याने ७६, तिसऱ्याने ८१. थर तेच, पण दुबळा रंग आधीच गळाल्यामुळे पुढचे थर जास्त पारदर्शक भासतात.

आपण मात्र जमिनीवर उभे आहोत. आपल्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या थरानंतरचेच आकडे मिळतात. त्यांवरून ८१ टक्क्यांचा हिशोब धरून मागे गेलो, तर सुरुवातीचा प्रकाश १६३ येतो. खरा होता २००. चूक कायम एकाच दिशेला होते: हवेबाहेरचा प्रकाश नेहमी कमीच दिसतो.

लँग्लीने यावर बोलोमीटर नावाचं संवेदनशील उपकरण बनवलं, ज्याने एकेका रंगाची ऊर्जा वेगळी मोजता येई. १८८१ मध्ये ते घेऊन तो कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीवर चढला, म्हणजे डोक्यावरची हवाच कमी होईल. प्रत्येक रंगाची वेगळी रेषा, वेगळा α, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. रीत बिनचूक होती. तरी हवेबाहेरच्या सूर्यप्रकाशाचा त्याचा आकडा आला दर चौरस मीटरला २९०० वॉटच्या आसपास. आज आपण तो १३६१ च्या जवळपास धरतो. लँग्लीने एकरंगी हिशोबाची तूट अचूक हेरली, आणि ती भरून काढताना दुपटीहून पुढे गेला. नंतरच्या निरीक्षकांनी ही दुरुस्ती मागे घेतली, पण रंग वेगळे करून रेषा काढायची त्याची रीत सोडली नाही. ln च्या त्या आलेखाला आज लँग्लीचं नाव आहे. बुगेरचं इथेही नाही.

हा आलेख अजून रोज काढला जातो. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सूर्याकडे रोखलेलं एक स्वयंचलित उपकरण आहे. ते ठरावीक रंगांच्या फिल्टरांतून सूर्याचा प्रकाश मोजतं, आणि त्यावरून पुण्याच्या हवेत धूळ, धूर आणि इतर कण किती आहेत ते कळतं. पण त्यासाठी हवेबाहेर त्या उपकरणाने किती दाखवलं असतं, तो I₀ आधी माहीत लागतो. शहराच्या हवेत सकाळभरात इतकी उलथापालथ होते की रेषा सरळ येणं मुश्कील. म्हणून अशा उपकरणांच्या जगभरच्या जाळ्यातली मुख्य उपकरणं उंच पर्वतांवर नेतात, जिथे हवा स्वच्छ आणि स्थिर असते. तिथे सूर्य वर चढत असताना बिंदू घेतात, रेषा काढतात, ती मागे वाढवतात. बाकीची उपकरणं त्यांच्याशी ताडून बघतात.

डोंगर उंच झाला, मेणबत्त्यांच्या जागी फिल्टर आले, दोन बिंदूंचे शेकडो झाले. बाकी काम तेच आहे. ज्या प्रकाशापर्यंत आपण पोचू शकत नाही, तो आपल्यापर्यंत दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी येताना किती कमी झाला, एवढं बघायचं. उरलेलं भागाकार करतो.